मावशींनी जे पाहिलं तेवढंच

“तक्रार लेखी द्या म्हणतात, ताई. पण मला सगळ्या तारखा आठवत नाहीत आणि कुणी प्रत्यक्ष पाहिलंही नाही. मग लिहू काय?”

ऑफिसातल्या लैंगिक छळाची तक्रार कशी लिहायची, हे तुम्ही विचारलंत म्हणून माझ्याच तक्रारीचं सांगते. 2023 साली मी हिंजवडीतल्या एका ऑफिसात होते, तिथल्याच एका माणसाविरुद्ध ती तक्रार होती. पहिला मसुदा रात्री जागून लिहिला: ‘तो माझ्याशी सतत घाणेरडं वागतो, मला ऑफिस नकोसं झालंय.’ शब्द न् शब्द खरा होता. माझी नणंद वकील आहे. तिने वाचून एवढंच विचारलं, “यावर तो ‘खोटं आहे’ म्हणाला, की पुढे काय?”

अशा तक्रारींची चौकशी ऑफिसातली अंतर्गत समिती करते. तक्रारीची प्रत समितीकडून सात कामाच्या दिवसांत त्याच्याकडे जाते आणि त्याला दहा कामाच्या दिवसांत लेखी उत्तर द्यावं लागतं. ‘घाणेरडं वागतो’ याला ‘नाही’ हे उत्तर पुरतं. ठरावीक दिवशी, ठरावीक जागी काय केलंस, हे लिहिलं की त्याला त्या दिवसाचा हिशेब द्यावा लागतो.

तारखा मलाही आठवत नव्हत्या. पण त्या दिवशी आणखी काय होतं ते आठवत होतं. पहिला प्रसंग पाडव्याच्या आदल्या दिवशीचा, ऑफिसात सगळे साड्या-कुर्ते घालून आलेले. मोबाइलमधल्या ग्रुप फोटोवर तारीख निघाली, 21 मार्च. दुसऱ्या वेळी पालखी पुण्यात यायची होती, रस्ते बंद म्हणून अर्धं ऑफिस घरून काम करत होतं. तो 12 जून, सोमवार. तिसरी तारीख, 2 ऑगस्ट, कॅबच्या बुकिंगवरून मिळाली, कारण त्या संध्याकाळी मी नेहमीची बस सोडून कॅबने घरी पळाले होते. एप्रिलमधला एक प्रसंग मात्र कशालाच जोडता येईना. तिथे ‘एप्रिलचा दुसरा किंवा तिसरा आठवडा, नक्की तारीख आठवत नाही’ असं लिहिलं. ठोकून दिलेली एक तारीख चुकली, तर बाकीच्या खऱ्या तारखांवरही संशय येतो.

मार्चचं प्रकरण ऑगस्टमध्ये चालेल का, ही भीती होती. प्रसंग एकामागून एक घडत आले असतील, तर तीन महिन्यांची मुदत शेवटच्या प्रसंगापासून मोजतात. उशिराचं कारण पटलं, तर समिती ते लेखी नोंदवून आणखी तीन महिन्यांपर्यंत मुदत देऊ शकते. मी 28 ऑगस्टला तक्रार दिली.

आता साक्षीदारांचं. 2 ऑगस्टला त्याने पँट्रीत मागून कमरेला हात लावला, तेव्हा तिथे तिसरं माणूस नव्हतं. पण तो बाहेर पडला तेव्हा हाउसकीपिंगच्या मावशी दारात होत्या. त्यांनी माझ्या हातातून सांडलेला चहा पाहिला, पुसलाही. मी रडत त्यांना काय झालं ते तिथेच सांगितलं. तक्रारीत घालायचं म्हणून त्यांना विचारायला गेले, तर म्हणाल्या, “मला यात नको गं पाडू, माझी कंत्राटाची नोकरी.” मी त्यांना वाचून दाखवलं: ‘सायंकाळी सव्वासहाच्या सुमारास त्यांनी त्याला पँट्रीतून बाहेर पडताना पाहिलं. मी रडत होते. काय घडलं ते मी त्यांना लगेच सांगितलं.’ हात लावताना पाहिलं, असं कुठेही नव्हतं. त्या थोडा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, “हे खरंय. एवढं सांगीन.” साक्षीदाराकडून त्याने पाहिल्यापेक्षा एक शब्दही जास्त वदवू नका. उलटतपासणीत तो नेमका तिथेच अडकतो आणि तुमची बाजूही सैल होते.

तो जे बोलला ते मी माझ्या भाषेत सभ्य करून लिहिलं नाही. अवतरणचिन्हात, त्याच्याच तोंडचं वाक्य लिहिलं. हात थरथरत होता, तरी लिहिलं.

पँट्रीत कॅमेरा नव्हता, पॅसेजमध्ये होता. आमच्याकडे महिन्याभराने चित्रण पुसलं जायचं, म्हणून ते जपून ठेवण्याची मागणी तक्रारीतच केली. 28 ऑगस्ट म्हणजे सव्विसावा दिवस, आणखी आठवडा गेला असता तर ते मिळालं नसतं.

तक्रार एचआरच्या नावे न लिहिता अंतर्गत समितीच्या अध्यक्षांच्या नावे लिहिली. सोबत पुरावे, साक्षीदारांची नावं-पत्ते, असे सहा संच दिले आणि सातव्या प्रतीवर ‘मिळाली’ अशी तारखेसह सही घेतली. ती सही देताना तिथल्या बाई जरा घुटमळल्या. मी खुर्चीतून उठले नाही.

त्याने उत्तरात लिहिलं, 2 ऑगस्टला तो साडेपाचलाच निघाला होता. समितीने पंचिंगची नोंद मागवली. बाहेर पडल्याची वेळ होती 6:41. मावशींना बोलावलं तेव्हा त्यांनी तेवढंच सांगितलं, जेवढं कागदावर होतं.