बेरीज जुळत होती

गेल्या जुलैतल्या एका गुरुवारी सकाळी भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या हिशेब विभागातून मला फोन आला. बुश पुरवणारे एक छोटे सप्लायर आपल्या बिलाची प्रत घेऊन तिथे येऊन बसले होते. आठ नग कमी आल्याचे सांगून कारखान्याने त्यांच्या नावे २,००६ रुपयांची डेबिट नोट काढली होती, आणि त्यांचे म्हणणे असे होते की बिल ४० नगांचे होते, माल ४० नगांचाच दिला, मग कापलेले आठ नग आले कुठून. रक्कम मोठी नव्हती, पण स्कॅन केलेली बिले संगणकाकडून वाचून घेण्याची व्यवस्था आमच्या कोथरूडच्या दोन माणसांच्या ऑफिसने बसवून दिलेली असल्यामुळे मला जावेच लागले.

या कारखान्यात महिन्याला सुमारे १,८०० बिले येतात. काही टॅलीतून छापलेली असतात, काही सप्लायरने स्वतः एक्सेलमध्ये आखलेली, काही डॉट मॅट्रिक्सवर निघालेली तिसरी कार्बन प्रत, तर काही हार्डवेअरच्या दुकानातल्या थर्मल कागदाच्या पट्ट्या. वर्षाला पाच कोटींवर उलाढाल असलेल्या सप्लायरच्या बिलावर ई-इनव्हॉइसचा क्यूआर कोड असतो आणि तो वाचता आला तर जीएसटी क्रमांक, बिल क्रमांक, तारीख आणि एकूण रक्कम बिनचूक मिळते. मात्र त्या कोडमध्ये प्रत्येक ओळीचा नग आणि दर नसतो. कारखान्याला नेमका तोच हवा असतो, कारण खरेदी ऑर्डर, स्टोअरची आवक नोंद आणि बिल या तिघांचा मेळ नगावर आणि दरावर बसतो.

आधी आम्ही चित्रातली छापील अक्षरे ओळखणारे टेसरॅक्ट लावले. ह्यूलेट-पॅकार्डमध्ये १९८०च्या दशकात सुरू झालेले आणि २००५ साली खुले झालेले हे इंजिन फुकट आहे, ग्राफिक्स कार्डाशिवाय कारखान्यातल्या जुन्या संगणकावर चालते आणि कागद भिंतीबाहेर जात नाही. त्याच्या मूळ सेटिंगमध्ये ते पानाची मांडणी स्वतः ठरवायला जाते आणि बिलाच्या तक्त्याला पुष्कळदा वर्तमानपत्राचे स्तंभ समजते, म्हणजे आधी सगळ्या मालाची नावे, मग सगळे नग, मग सगळे दर असे वाचून काढते. त्याला सगळे पान एकसंध मजकूर समजून वाचायला सांगावे लागते, आणि नुसत्या मजकुराऐवजी प्रत्येक शब्दाची पानावरची जागा व खात्रीचा आकडा मागावा लागतो:

```
tesseract bill.png out -l eng --psm 6 tsv
```

एवढे केले तरी कोणता आकडा नग, कोणता दर आणि कोणती सवलत, हे त्याला कळत नाही. ते आम्ही नियम लिहून ठरवत होतो, प्रत्येक सप्लायरच्या नमुन्यासाठी वेगळे. सप्लायरने एक रकाना वाढवला की नियम कोसळायचा. पाचपैकी दोन बिले तपासायला माणसाकडे जात होती, आणि एका बिलाला तीन मिनिटे धरली तरी महिन्याचे छत्तीस तास होतात. माझ्या भागीदाराला हे नियम लिहिणे म्हणजे आयुष्य वाया घालवणे वाटत होते, आणि त्याचे अगदीच चुकत नव्हते.

त्यामुळे चित्र बघून थेट उत्तर देणारे व्हिजन लँग्वेज मॉडेल आले. बाहेरच्या कंपनीच्या सर्व्हरवर चालणारे मॉडेल आम्ही आमच्याच ऑफिसच्या जुन्या बिलांवर तपासले होते आणि निकाल चांगला होता, पण कारखान्याच्या मालकांनी पहिल्याच बैठकीत नकार दिला. "मॅडम, मी कोणाकडून काय भावाने घेतो हे बाहेर गेलं तर माझ्याकडे उरलं काय?" असे ते म्हणाले. त्यांना न सुचलेला मुद्दा मी जोडला. जीएसटी क्रमांकातली तिसरी ते बारावी अक्षरे म्हणजे त्या सप्लायरचा पॅन असतो, आणि त्या क्रमांकाचे सहावे अक्षर `P` असेल तर तो पॅन कंपनीचा नसून एका व्यक्तीचा असतो. त्यांचे निम्मे सप्लायर एकट्या मालकीचे. अशा बिलावर त्या माणसाचा पॅन, मोबाइल आणि बँक खाते एकाच पानावर असते, आणि ते कागद कुठे पाठवायचे हे त्याला न विचारता आम्ही ठरवणार होतो.

मग सात अब्ज पॅरामीटरचे खुले मॉडेल कारखान्यातच, २४ जीबी मेमरीच्या कार्डावर बसवले. पानामागे भाडे नाही, पण कार्डाचा खर्च सुरुवातीलाच पडला. इथे एक गोष्ट बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. आमचे मॉडेल चित्राचे २८ गुणिले २८ पिक्सेलचे तुकडे पाडते आणि प्रत्येक तुकडा एक टोकन धरते. ३०० डीपीआयवर स्कॅन केलेले ए-फोर पान जवळपास ११,००० टोकनांचे होते, तर १५० डीपीआयवर तेच पान पावणेतीन हजारांत बसते. आम्ही वेगासाठी १५० निवडले. माणसाकडे जाणारी बिले दहात एकावर आली, म्हणजे महिन्याला नऊ तास, आणि सगळे खूश झाले. मीही झाले होते.

आता ते बिल. दोन ओळींचे होते. पहिल्या ओळीत २५ मिलिमीटरचे बुश, ६० नग, दर २१२.५०, रक्कम १२,७५०. दुसऱ्या ओळीत ३२ मिलिमीटरचे बुश, ४० नग, दर २५५, रक्कम १०,२००. एकूण २२,९५०, त्यावर नऊ-नऊ टक्के केंद्र आणि राज्य जीएसटी, सर्व मिळून २७,०८१. दुसऱ्या ओळीच्या नगावर आणि दरावर मात्र स्टोअरच्या काकांनी "माल मिळाला"चा जांभळा शिक्का मारून त्यावर सही केलेली होती.

मॉडेलने दुसरी ओळ अशी दिली होती: ४८ नग, दर २१२.५०, रक्कम १०,२००.

मी ते कॅल्क्युलेटरवर दोनदा करून पाहिले. ४८ गुणिले २१२.५० म्हणजे बरोबर १०,२००. शिक्क्याखालचे दिसले नाही, तेव्हा त्याने वरच्या ओळीचा दर खाली उतरवला आणि रकमेशी जुळेल असा नग ठेवला, असा मी लावलेला अर्थ आहे. आत नेमके काय झाले ते सिद्ध करता येत नाही. आमच्या सगळ्या तपासण्या यातून पार झाल्या होत्या: नग गुणिले दर बरोबर रक्कम, रकमांची बेरीज बरोबर एकूण, कर बरोबर, जीएसटी क्रमांकाचे शेवटचे ताळा-अक्षरही बरोबर. बेरीज जुळली म्हणजे वाचन बरोबर, हे माझे गृहीतक होते, आणि ज्याला बेरीज जुळवता येते अशा वाचकासाठी ते निरुपयोगी आहे हे मला त्या टेबलापाशी उभे राहून कळले.

पुढची साखळी कारखान्याची. आवक नोंद ४० नगांची, बिल "४८"चे, म्हणून आठ नग कमी. आठ गुणिले २१२.५० म्हणजे १,७००, त्यावर १८ टक्के कर ३०६, झाले २,००६. खरेदी ऑर्डरमधला दर २५५ होता, तेव्हा बिलातला २१२.५० पाहून कोणीतरी थांबायला हवे होते. पण त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये बिलाचा दर ऑर्डरपेक्षा जास्त असेल तरच इशारा येतो. कमी दर लावणाऱ्या सप्लायरला का अडवायचे, असा विचार करून कोणीतरी ती अट लिहिलेली आहे, आणि हिशेबनिसांनी डेबिट नोटवर सही करताना मूळ कागद उघडलाही नव्हता.

मी तिथेच त्या स्कॅनवर जुने टेसरॅक्ट चालवले. त्याने दुसऱ्या ओळीत `4O` आणि `2§5.0` असे काहीतरी दिले, शंभरपैकी खात्री तिशीच्या आसपास. वाचन वाईट होते, पण वाईट असल्याचे त्यावर लिहिलेले होते आणि ते बिल निमूटपणे माणसाकडे गेले असते. अक्षर ओळखणारे इंजिन चुकले की बहुधा कचरा देते. मॉडेल चुकले की नीटनेटके बिल देते. न दिसल्यास जागा रिकामी ठेवावी, असे आम्ही त्याला सूचनेत स्पष्ट लिहिलेले होते. काही बिलांवर ते ऐकत होते, या बिलावर ऐकले नाही.

शिवाय स्कॅनर कृष्णधवलवर लावलेला होता, फाइल लहान राहावी म्हणून. त्यामुळे जांभळी शाई आणि काळी छपाई दोन्ही सारखीच काळी झाली होती. रंगीत स्कॅन असता तर चित्राचा फक्त निळा भाग घेतल्यावर तो शिक्का फिकट पडून खालचे आकडे वर आले असते. मी तेच बिल रंगीत, ३०० डीपीआयवर पुन्हा स्कॅन केले आणि तसे केले, तेव्हा मॉडेल आणि टेसरॅक्ट दोघांनीही ४० आणि २५५ वाचले. सप्लायर शेजारी उभे राहून बघत होते. "अहो, एवढं करण्यापेक्षा मला एक फोन केला असता तर?" एवढेच ते म्हणाले.

त्या आठवड्यात आम्ही दोघांना एकत्र लावले. ओळी आणि रकाने मॉडेल लावते, पण त्याने दिलेला प्रत्येक आकडा टेसरॅक्टने वाचलेल्या शब्दांत सापडला पाहिजे. माझ्या भागीदाराने आधी आकडा पानावर कुठेही असला तरी चालेल अशी अट लिहिली. त्याने ४८ अडले असते, पण २१२.५० हा पहिल्या ओळीत छापलेलाच असल्यामुळे पार झाला असता, आणि दुसऱ्या एखाद्या बिलात नगही असाच उसना मिळाला असता. म्हणून आता छापलेला एक आकडा एकदाच वापरता येतो, आणि तो त्याच ओळीच्या उंचीवर असावा लागतो. ज्याला कागदावर स्वतःची जागा नाही तो आकडा माणसाकडे जातो. दहात एकऐवजी सहात एक बिल माणसाकडे जाऊ लागले, महिन्याचे तास नऊवरून पंधरावर गेले, आणि या सहा तासांचा हिशेब मला मालकांना द्यावा लागला. त्यांनी तो मान्य केला, पण खुशीने नव्हे.

नवी अट मी मागच्या दोन महिन्यांच्या बिलांवरही चालवली. जिथे आकड्याला जागा नव्हती ती बिले काढून कागदाशी ताडली. बहुतेकांत वाचन बरोबर होते आणि टेसरॅक्टलाच ते दिसले नव्हते, तिघांत दर खरोखर चुकलेला निघाला आणि तो दुरुस्त केला. दोन बिले थर्मल कागदाची होती. मी फाइल उघडली तोवर ते कागद कोरे झाले होते, स्कॅन १५० डीपीआयचा, कृष्णधवल. त्या दोन बिलांतला नग मॉडेलने वाचला की ठरवला, हे मला अजून सांगता आलेले नाही.