तुम्ही विचारलंत म्हणून: चहाच्या जाहिरातीतला पिवळा पुडा

"प्रॉम्प्टमध्ये कुठल्याच कंपनीचं नाव टाकलेलं नसतं ना, मग इमेज तयार झाल्यावर लोगो शोधत अर्धा दिवस कशाला घालवता?"

एका चहा पावडरच्या क्लायंटचं काम होतं, पश्चिम महाराष्ट्रातला छोटा ब्रँड, दिवाळीच्या आधी फ्लेक्स आणि दुकानांसाठी पोस्टर हवे होते. मी एआयवर इमेज जनरेट केली. सकाळची वेळ, ओसरीवर आजी, शेजारी नातू, काचेच्या ग्लासात चहा आणि ताटलीत बिस्किटं, एवढंच मागितलं होतं. पहिल्या पाच-सहा प्रयत्नांतच एक इतकी सुंदर आली की आम्ही सगळे खूश, ऊन अगदी बरोबर आजीच्या हातावर पडलेलं. क्लायंटने लगेच पास केली, फ्लेक्स छापले. आणि मग त्यांच्या एका डीलरचा फोन आला, की साहेब, चहाच्या पाकिटावर बिस्किटचा पुडा फ्री आहे का, गिऱ्हाइकं विचारतायत.

मी फाइल उघडून बघितली तर ताटलीच्या मागे एक अर्धा फोडलेला पुडा होता. मी मागितलेला नव्हता, पण बिस्किटं म्हटल्यावर पुडा आला यात मला तेव्हा काही वावगं वाटलं नव्हतं. पिवळा, त्यावर फिकट पट्टे, एका बाजूला लहान मुलाच्या चेहऱ्यासारखा डाग आणि वरच्या कोपऱ्यात लाल ठिपका. झूम करून बघितलं तर अक्षरं अक्षरंच नव्हती, नुसता लाल-पांढरा चिखल. पण लांबून बघा, तो पारले-जीच होता. नाव कुठेही लिहिलेलं नाही आणि तरी कुणालाही विचारा, तेच सांगेल.

हे असं का होतं तर मॉडेल शिकलंय फोटोंवरून आणि त्या फोटोंसोबतच्या मजकुरावरून. आपल्याकडच्या चहा-बिस्किटांच्या फोटोत तो पुडा टेबलावर असतोच, आणि कॅप्शन लिहिणारा त्याचं नाव लिहीत नाही कारण ते इतकं रोजचं आहे, तो लिहितो 'चहा आणि बिस्किटं'. म्हणजे मॉडेलच्या लेखी तो पिवळा रंग 'बिस्किट' या शब्दाचाच भाग झाला. तसंच 'पळण्याचे बूट' म्हटलं की बाजूला बाकदार रेघ किंवा तीन पट्टे, 'लॅपटॉप' म्हटलं की झाकणाच्या मधोमध एक उजळ गोल फळासारखं काहीतरी, 'जीन्स' म्हटलं की मागच्या खिशावर दुहेरी कमानीची शिवण. तुम्ही ब्रँड मागत नाही, तुम्ही वस्तू मागता आणि ब्रँड तिच्यासोबत येतो. म्हणून प्रॉम्प्टमध्ये नाव नव्हतं हे खरं असलं तरी त्याने काही सिद्ध होत नाही.

आणि अक्षरं बिघडलेली आहेत म्हणून आपण सुटलो, हा समज तर मी सगळ्यात आधी मोडते. 1972 साली सुप्रीम कोर्टात पारले विरुद्ध जे. पी. अँड कंपनी, म्हैसूर असा खटला झाला होता, बिस्किटांच्या वेष्टनावरूनच. एकावर 'ग्लुको बिस्किट्स', दुसऱ्यावर 'ग्लुकोज बिस्किट्स', दोन्हींवर मुलगी, गाय, कोंबड्या, मागे शेतातलं घर आणि रंगसंगती जवळजवळ सारखी. चित्रांत फरक होते. कोर्टाचं म्हणणं असं, की दोन वेष्टनं शेजारी ठेवून फरक मोजत बसायचं नाही, मुख्य गोष्टी बघायच्या, कारण आज एक पुडा बघितलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी दुसरा दाखवला तर तो तोच समजेल. माझी सगळी तपासणी याच एका विचारावर उभी आहे. डिझायनर म्हणून आपण नेमकं उलटं करतो, 300 टक्के झूम करतो आणि म्हणतो बघा, पट्टे तर चारच आहेत.

म्हणून मी आधी इमेज लहान करते, मोबाइलच्या गॅलरीत दिसते तेवढी, आणि थोडी ब्लर. त्यात जे ओळखू येतं ते रंगाने आणि आकाराने ओळखू येतं, आणि तेच लोकांच्या लक्षात राहतं. त्यानंतर ऑफिसमधल्या ज्याचा या कामाशी संबंध नाही अशा कुणालातरी ती चार सेकंद दाखवते, बंद करते आणि विचारते, काय काय होतं चित्रात? 'यात कुठला लोगो दिसतोय का' असं चुकूनही विचारत नाही, कारण तसं विचारलं की माणूस शोधायला लागतो आणि मग प्रत्येक रेघेत त्याला काहीतरी दिसतं. आमच्या अकाउंट्सच्या ताईंना तो चहाचा फोटो मी नंतर असाच दाखवला होता. त्या म्हणाल्या, आजी, नातू, चहा आणि पारले-जी. मॉडेलने न लिहिलेलं नाव त्यांनी सहज वाचलं.

मग मोठं करून बघायचं. 200 टक्क्यांवर, वरच्या डाव्या कोपऱ्यातून सुरू करून ओळीने, कुठेही उडी न मारता. मुख्य प्रॉडक्टवर तर सगळ्यांचं लक्ष असतंच, गडबड होते ती बाकीच्या सामानात. बुटाची बाजू आणि जीभ, टोपीचा पुढचा भाग, टी-शर्टची छाती, घड्याळाची डायल, फोनची पाठ, फ्रिजचं दार, गाडीची जाळी, बाटलीचा आकार आणि झाकण, रस्त्यावरच्या दुकानाची पाटी, काचेतलं प्रतिबिंब. त्यानंतर इमेज आडवी उलटी करून परत एकदा, कारण मॉडेल बऱ्याचदा चिन्ह उलटं काढतं आणि सरळ बघताना ते नजरेतून निसटतं.

ज्यावर शंका आली तो तुकडा मी क्रॉप करून गूगल लेन्सला देते. अख्खी इमेज देऊन उपयोग नाही, तो आजींसारख्या आजी दाखवत बसतो. पण लेन्सचा निकाल वाचायलाही शिकावं लागतं. कुठलाही पळण्याचा बूट दिलात तरी तो मोठ्या कंपन्यांचेच बूट दाखवणार, त्याचा अर्थ तुमचा बूट त्यांचा झाला असा नाही. मी बघते की वेगवेगळ्या कोनांतून केलेल्या तीन-चार क्रॉपना एकाच कंपनीचं, एकच मॉडेल परत परत येतंय का. तसं आलं तर बदलायचं, तिथे वाद घालायचा नाही. आणि काही आलं नाही तर? तर एवढंच कळलं की लेन्सला सापडलं नाही. एखादं ठळक चिन्हच तयार झालं असेल, म्हणजे पाटीवरचा पक्षी, डब्यावरचा सिंह, तर वायपो या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या ग्लोबल ब्रँड डेटाबेसमध्ये चित्र अपलोड करून शोधता येतं आणि आपल्या ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या सार्वजनिक सर्चमध्ये व्हिएन्ना कोडने, म्हणजे चित्रातल्या आकाराला दिलेल्या नंबराने शोधता येतं. पण क्लायंट ते चिन्ह स्वतःचा लोगो म्हणून वापरणार असेल तर मी हात जोडते आणि ट्रेडमार्कच्या वकिलाकडे पाठवते, ते माझं काम नाही.

रंगाचं मात्र वेगळं सांगायला हवं कारण तो कुठल्याच सर्चमध्ये नीट सापडत नाही. आपल्या 1999 च्या ट्रेडमार्क कायद्यात 'मार्क'च्या व्याख्येतच रंगांची जुळणी आणि वस्तूचा आकार येतात. कोलगेट विरुद्ध अँकरच्या खटल्यात 2003 साली दिल्ली हायकोर्टाने टूथ पावडरच्या डब्याच्या लाल-पांढऱ्या रंगजुळणीला संरक्षण दिलं, नावं पूर्ण वेगळी असूनही. आता जाहिरातीत मागे ठेवलेली प्रत्येक वस्तू म्हणजे कायद्याचं उल्लंघन असं अजिबात नाही. पण त्याच कायद्याच्या कलम 29 मध्ये नावाजलेल्या मार्कचा वेगळ्या मालासाठी गैरफायदा घेणं आणि जाहिरातीतून घेणं, दोन्हीची तरतूद आहे, आणि आमच्या चहावाल्याला कोर्टात जिंकण्यात रस नव्हता, त्याला नोटीसच नको होती. शिवाय डीलरचा फोन आठवा, ऑफरचा गैरसमज कोर्टाबिर्टाच्या आधीच झाला होता.

दुरुस्तीला बसल्यावर मी पहिली चूक केली ती अशी, की पुड्याभोवती सिलेक्शन करून परत जनरेट केलं. परत पिवळाच आला, जरा बारीक पट्ट्यांचा. कारण आजूबाजूला तोच चहा, तीच बिस्किटं, मॉडेलला उत्तर तेच माहीत. आता मी अशी वस्तू सरळ काढून टाकते किंवा फोटोशॉपमध्ये हाताने साधा रंग भरते, आणि चिन्ह असलेल्या जागी एकसंध कापडाचा किंवा पत्र्याचा पोत क्लोन करते.

आणि हे सगळं झाल्यावरही एक पायरी राहते जी बहुतेक जण विसरतात. होर्डिंगसाठी मी ती इमेज चारपट अपस्केल केली. मूळ फाइलमध्ये भिंतीवरच्या खुंटीला नातवाची टोपी लटकत होती, तिच्यावर जेमतेम दहा-बारा पिक्सेलचा पांढरा डाग, मी दोनदा बघून सोडून दिलेला. जनरेटिव्ह अपस्केलर नुसता ताणत नाही, तो नसलेले बारकावे स्वतः भरतो, आणि टोपीवरच्या पांढऱ्या डागाचं त्याने काय करावं, तर चांगली धारदार, उजवीकडे वर गेलेली बाकदार टिकमार्क. जगातल्या कुठल्याही पोराने ओळखली असती. तेव्हापासून शेवटची, छपाईला जाणारी फाइल मी नव्याने तपासते, पहिल्यापासून, ओळीने. प्रीव्ह्यूवर केलेली तपासणी त्या फाइलला लागू होत नाही.

प्रॉम्प्ट, मूळ इमेज, लेन्सचे स्क्रीनशॉट आणि काय बदललं ते सगळं मी एका फोल्डरमध्ये तारखेसकट ठेवते, कारण सहा महिन्यांनी कुणी विचारलं तर आठवणीवर उत्तर देता येत नाही.

त्या चहाच्या जाहिरातीत आता पुडा नाही. ताटलीत खारी आहे, ती मी बेकरीतून आणून ओसरीच्या उन्हाला जुळेल अशी खिडकीत ठेवून मोबाइलवर काढली आणि वर बसवली. खुंटीवर टोपीच्या जागी कापडी पिशवी आहे. फ्लेक्स परत छापायचा खर्च मी उचलला, आणि क्लायंटने नवीन फाइल पास करताना पहिल्यांदाच स्वतः झूम करून विचारलं, मॅडम, त्या पिशवीवर काय लिहिलंय का?

काही नाही, मी सांगितलं, कोरीच आहे.