‘वाईट विचार’ मी का खोडलं

“हेल्पलाइनच्या मराठी स्क्रिप्टमध्ये ‘आत्महत्या’ असं थेट विचारायला का लावता? आपल्या भाषेत जरा सौम्य नाही का म्हणता येत?”

म्हणता येतं की! मरणाला वळसा घालायला मराठीत वाटा भरपूर आहेत, आणि पहिल्या मसुद्यात मीही त्यातलीच एक धरली होती: ‘तुमच्या मनात काही वाईट विचार तर येत नाहीत ना?’ वाक्य मऊ आहे, घरातलं वाटतं. तुम्हाला ते नक्की आवडलं असतं.

आता ते फोनवरून ऐका. ‘वाईट विचार’ म्हणजे काय, ते ऐकणाऱ्याने ठरवायचं. कुणाला वाटतं, दुसऱ्याचं वाईट चिंततो का असं विचारताहेत. कुणाला करणी-बाधा आठवते, कुणाला लैंगिक काहीतरी. ‘छे, मी कशाला कुणाचं वाईट चिंतू?’ असं प्रामाणिक उत्तर येतं आणि समुपदेशक पुढच्या प्रश्नाकडे वळतो. ज्याला प्रश्न बरोबर कळला, त्याची वेगळीच पंचाईत. त्याच्या मनात जे आहे त्याला आपण आधीच ‘वाईट’ म्हणून बसलो आहोत. त्यात शेवटचा ‘ना’. ‘जेवलात ना?’ याला आपण ‘हो’ म्हणतो, पोट रिकामं असलं तरी. ‘तर येत नाहीत ना?’ म्हटलं की समोरच्याला कळतं, यांना ‘नाही’ ऐकायचंय. तो ते देऊन टाकतो.

मराठी वाक्य पुन्हा मूळ भाषेत नेऊन, म्हणजे उलट भाषांतर करून तपासलं तरी ही चूक सापडत नाही, कारण उलट भाषांतर करणाऱ्याला संदर्भ ठाऊक असतो. सापडते ती दुसऱ्या रीतीने: स्क्रिप्ट न पाहिलेल्या माणसाला वाक्य फक्त ऐकवायचं आणि म्हणायचं, ‘यात काय विचारलंय, तुमच्या शब्दांत सांगा.’ ‘तुम्ही सुरक्षित आहात का?’ हेही तिथेच पडतं. ‘हो, घरीच आहे, कडी लावलीय,’ असं उत्तर येतं.

थेट विचारलं तर नसलेला विचार डोक्यात शिरेल, ही भीती मला मान्य नाही. विचारल्याने विचार रुजतो असं संशोधनात दिसलेलं नाही. पुष्कळांना तर कुणीतरी विचारलं याचंच हायसं वाटतं. पण थेट म्हणजे धाडकन नव्हे, आणि हे मला उशिरा उमगलं. मराठीत ‘जीव नकोसा झालाय’ आपण उकाड्यालाही म्हणतो, त्यामुळे ते ऐकून घाबरायचं नाही आणि सोडूनही द्यायचं नाही. फोन करणाऱ्याचाच शब्द उचलायचा: ‘मगाशी म्हणालात, जीव नकोसा झालाय. झोपेतून उठूच नये, असं वाटतं का?’ मग थांबायचं. उत्तर ‘हो’ आलं तर त्याच आवाजात, त्याच गतीने: ‘असं वाटतं तेव्हा आत्महत्येचा विचार मनात येतो का?’ त्यालाही ‘हो’ असेल तर, ‘कसं करायचं, हे ठरवलं आहे का?’ आणि ‘आत्ता तुमच्याजवळ कुणी आहे का?’

हा शेवटचा प्रश्न आधी ‘तुम्ही एकटे आहात का?’ असा होता. बाईचा फोन असेल तर ‘एकट्या’ हवं, आणि आवाजावरून अंदाज चुकला तर विश्वास तिथेच तुटतो. ‘तुम्हाला वाटतं’, ‘मनात येतं’, ‘थकवा आलाय का’ अशा रचनांत लिंग येतच नाही. समुपदेशकाचं मात्र टळत नाही. ‘ऐकतेय’ आणि ‘ऐकतोय’ दोन्ही छापावं लागतं.

‘शांत व्हा’ काढलं, कारण ती ताकीद वाटते. त्याजागी ‘सावकाश सांगा, मी फोनवर आहे.’ ‘प्रयत्न फसला’ काढलं, कारण त्यात जगणं हे अपयश ठरतं. ‘त्यातून वाचलात’ ठेवलं. ‘कबूल करा’ तर कुठेच नको. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरायला २०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदा सांगतो, तरी पोलिसांची धास्ती अजून गेलेली नाही.

आता तुमची बाजू. ‘आत्महत्या’ या शब्दात ‘हत्या’ आहेच, आणि हत्या हा गुन्हा असतो. शिवाय शब्द बातमीतला आहे. गावाकडच्या म्हातारीच्या तोंडी तो सहसा येत नाही, ती ‘जीव द्यावासा वाटतो’ म्हणेल. ‘जीवाचं बरंवाईट’ मला चालत नाही, त्यात पुन्हा वळसा आहे. ‘जीव देणं’ स्पष्ट आहे, पण ‘मुलांसाठी जीव देईन’ असंही आपण म्हणतो. सध्या छापील वाक्यात ‘आत्महत्या’ आहे, खाली बारीक अक्षरात ‘किंवा: जीव द्यावा असं मनात येतं का?’ आणि समासात सूचना: समोरच्याने स्वतः शब्द वापरला असेल तर तोच घ्या. खालची ओळ वर न्यावी का, यावर दर बैठकीत भांडण होतं.