नवव्या पत्रिकेवर गेलेले अकरा दिवस

दिवाळीच्या सुट्टीत माझ्या सहावीतल्या मुलीला शाळेने अपूर्णांक आणि दशांश अपूर्णांकांच्या वीस सरावपत्रिका दिल्या. पहिल्या आठ पत्रिका दोन संध्याकाळींत संपल्या. सममूल्य अपूर्णांक लिहिणे, लहान-मोठे ओळखणे, समच्छेद अपूर्णांकांची बेरीज असे सारे तिला येत होते आणि मला त्यात बोटही घालावे लागले नाही. नवव्या पत्रिकेवर मात्र आमचे अकरा दिवस गेले. ती पत्रिका छापणाऱ्या माणसाबद्दलचा माझा राग अजून पुरता ओसरलेला नाही.

उदाहरण साधे होते : ५/१२ + ७/१८. त्याच्या पुढे बरोबरीचे चिन्ह, मग ३६ हा छेद आधीच छापलेल्या दोन रिकाम्या चौकटी, पुन्हा बरोबरीचे चिन्ह आणि उत्तराची जागा. वर ‘छेद समान करा’ एवढीच सूचना होती. मुलीने पहिल्या चौकटीत ५ लिहिले, दुसऱ्या चौकटीत ७ लिहिले, बेरीज करून १२/३६ केले आणि अंश-छेदांना बाराने भागून १/३ असे नेटके उत्तर मांडले. शेवटचे संक्षिप्तीकरण अगदी बिनचूक होते, म्हणून ती खूश होती. उत्तरसूचीत २९/३६ होते. चूक कोठे झाली हे सूची सांगत नाही, ती फक्त शेवटची संख्या देते, आणि आपण सगळ्या पायऱ्या केल्या असे मुलाला प्रामाणिकपणे वाटत असेल तर अशा सूचीने केवळ रडू येते.

तिच्या बाजूने पाहिले तर तिने पत्रिकेचेच ऐकले होते. छेद समान करा म्हटले, तर छेद समान झालेले होते; ते छापणाऱ्यानेच करून ठेवले होते. अंशाला त्याबरोबर बदलावे लागते हे सांगणारी पायरीच कागदावर नव्हती. जो मजकूर शिकवायचा तो चौकटींच्या मधल्या कोऱ्या जागेत लपवून ठेवायचा आणि मग मुलाला तो सापडला नाही म्हणून फुली मारायची, ही पद्धत मला आजही पटलेली नाही.

माझी पहिली चूक अशी की मी समजावण्याऐवजी नियम सांगितला. ‘वर आणि खाली सारख्याच संख्येने गुणायचे,’ असे मी तीन वेळा आणि तिसऱ्या वेळी जरा चढ्या आवाजात म्हणाले. पुढचे उदाहरण ३/१० + ४/१५ होते. तिने आज्ञाधारकपणे ९/३० आणि १२/४५ लिहिले. मी सांगितलेल्या ‘सारख्याच’ या शब्दाचा अर्थ तिने दोन्ही अपूर्णांकांना एकाच संख्येने, म्हणजे तीनने, गुणायचे असा घेतला होता. ‘आई, तूच म्हणालीस ना सारखी संख्या?’ या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. सारखेपणा एका अपूर्णांकाच्या अंश आणि छेद यांच्यात हवा असतो, दोन अपूर्णांकांच्या गुणकांत नव्हे; दहाला तीनने गुणावे लागते, पंधराला दोनने, आणि म्हणून ९/३० + ८/३० = १७/३० होतात. हे बोलताना सोपे वाटते, पण माझ्या त्या एका वाक्यातून ते कोणालाही कळले नसते.

पाचव्या दिवशी आम्ही पत्रिका बाजूला ठेवली आणि चौकटीच्या वहीचे कागद कापून छत्तीस चौकटींची एक लांब पट्टी चिकटवली. ही संपूर्ण पट्टी म्हणजे एक. तिचे बारा सारखे भाग केले की प्रत्येक भागात तीन चौकटी येतात, म्हणून पाच भाग रंगवले तर पंधरा चौकटी रंगतात. त्याच पट्टीचे अठरा भाग केले तर प्रत्येकात दोनच चौकटी येतात, म्हणून सात भागांच्या चौदा चौकटी होतात. तिने लाल खडूने पंधरा आणि त्यांच्या पुढे हिरव्या खडूने चौदा चौकटी रंगवल्या, मग शेवटपर्यंत मोजून एकोणतीस म्हटले. त्यानंतर मी तिला तिच्या जुन्या उत्तरातल्या ५/३६ एवढ्याच चौकटी बोटाने दाखवायला सांगितल्या. पाच चौकटींवर बोट थांबवून ती म्हणाली, ‘यात तर दोन भागसुद्धा पुरे होत नाहीत, आणि मला पाच हवे होते.’ त्या एका वाक्यासाठी आधीचे चार दिवस वाया गेले असे मी म्हणणार नाही, पण पट्टी पहिल्याच दिवशी कापायला हवी होती.

त्यानंतर मी पत्रिका माझ्या हाताने पुन्हा लिहिली. प्रत्येक अपूर्णांकाला स्वतंत्र ओळ दिली. पहिल्या ओळीत प्रश्न : बाराची किती पट केली म्हणजे छत्तीस होतात? उत्तर तीन. दुसऱ्या ओळीत तो तीन अंशाशेजारीही आणि छेदाशेजारीही लिहायचा, म्हणजे ५×३ आणि १२×३, आणि तेथेच १५/३६ करायचे. मग अठरासाठी तेच, तेथे पट दोन. दोन्ही ओळी पुऱ्या झाल्याशिवाय बेरजेची ओळ उघडायचीच नाही; मी ती खरोखर कागदाच्या घडीखाली झाकून ठेवली होती. पाच-सहा उदाहरणांनंतर पटीचा प्रश्न काढून टाकला, आणखी काही उदाहरणांनंतर गुणाकाराची मधली पायरी काढली. पायऱ्या एकेक करून काढायच्या, सगळ्या एकदम नाही, हे मला फार उशिरा सुचले. एकदा मी दोन्ही एकाच दिवशी काढल्या आणि ५/३६ पुन्हा उगवले.

छत्तीस कोठून आला हेही पत्रिकेने आयते दिले होते, आणि दहाव्या पत्रिकेत ते एकाएकी काढून घेतले. तेथे लसावि काढण्यासाठी आम्ही मोठ्या छेदाचा पाढा म्हणत गेलो : अठरा एके अठरा, बाराने भाग जात नाही, अठरा दुणे छत्तीस, बाराने भाग जातो, तेथेच थांबायचे. सहावीच्या संख्यांसाठी बहुतेक वेळा ही रीत मूळ अवयव पाडण्यापेक्षा लवकर होते.

याच सुमारास तिच्या मैत्रिणीने तिला तिरक्या गुणाकाराची रीत शिकवली. ५×१८ आणि ७×१२ यांची बेरीज १७४, छेदांचा गुणाकार २१६, झाले उत्तर १७४/२१६. मी रागावण्याच्या बेतात होते, पण उत्तर चूक नव्हते. दोनने भागले की ८७/१०८ येते, आणि तेथे ती थांबली, कारण सत्त्याऐंशी ही संख्या तिला मूळ वाटली. सूचीतले २९/३६ आणि आपले ८७/१०८ जुळत नाहीत म्हणजे मैत्रिणीची रीतच खोटी, असा निष्कर्ष तिने काढला. वास्तविक ८ आणि ७ यांची बेरीज पंधरा होते, म्हणून सत्त्याऐंशीला तीनने भाग जातो, आणि १०८ च्या अंकांची बेरीज नऊ असल्याने त्यालाही जातो. भागले की २९/३६ हातात येते. एकोणतीस मूळ संख्या आहे आणि छत्तीसला एकोणतीसने भाग जात नाही, म्हणून हे अतिसंक्षिप्त रूप झाले. तिरक्या रीतीत लसाविचे कष्ट वाचतात, पण तेच कष्ट शेवटी संक्षिप्तीकरणात मोठ्या संख्यांवर करावे लागतात, आणि मुले नेमकी तेथे दमलेली असतात. ४ आणि ५ असे छेद असतील तर मी खुशाल गुणाकार करू देते. १२ आणि १८ असतील तर नाही.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती, ती राहून गेली. १/३ हे उत्तर चूक आहे हे सूची न पाहताही कळते. एक तृतीयांश म्हणजे ४/१२, आणि आपण सुरुवातच ५/१२ पासून केली होती. त्यात आणखी काही मिळवून बेरीज कमी कशी होईल? आता ती प्रत्येक बेरजेनंतर उत्तर हे मोठ्या अपूर्णांकापेक्षा मोठे आहे ना, एवढे पाहते. पाव आणि अर्धा मिळून पाऊण होतात हे दुकानात तिला विचारावेही लागत नाही. पाव आणि एक तृतीयांश म्हटले की मात्र बोलीत त्या बेरजेसाठी शब्द नसतो आणि छेद समान करण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

दशांशाच्या पत्रिका तुलनेने सहज गेल्या, फक्त पंधराव्या पत्रिकेत ०.५ + ०.२५ चे उत्तर ०.३० आले. तिने पाच आणि पंचवीस यांची बेरीज केली होती. मी काही बोलण्याच्या आत तीच म्हणाली की अर्ध्यात काही मिळवले आणि उत्तर अर्ध्याहून कमी आले. ०.५ च्या पुढे शून्य लिहून ०.५० करणे म्हणजे ५/१० चे ५०/१०० करणे, म्हणजे नवव्या पत्रिकेतलीच पटीची पायरी, येथे पट दहा. हे तिला दाखवायला एक मिनिट पुरले.

पुढे ६/१५ चे दशांश रूप मागितले होते. पंधराचे दहा, शंभर किंवा हजार करता येत नाहीत म्हणून तिने जागा कोरी सोडली होती. आधी तीनने भागून २/५ केले की छेद पाच उरतो, त्याचे दहा होतात, आणि ४/१० म्हणजे ०.४ मिळते. छेदाच्या मूळ अवयवांत २ आणि ५ यांशिवाय दुसरे काही असेल तर दशांश संपत नाही, हे खरे आहे, पण ते अतिसंक्षिप्त रूपाच्या छेदाबद्दल खरे आहे. संक्षिप्तीकरण नेहमी उत्तराच्या शेवटीच करायचे अशी सवय पत्रिकांनी लावली होती आणि येथे ते सुरुवातीला हवे होते.

सुट्टी संपल्यावर आम्ही वीसही पत्रिका, माझ्या हाताने लिहिलेल्या पानांसह, शाळेत दिल्या. आठवड्याने त्या परत आल्या. नवव्या पत्रिकेवर बरोबरची खूण होती आणि खाली लाल शाईत शेरा होता : ‘इतक्या पायऱ्या लिहिण्याची आवश्यकता नाही.’ ती पट्टी मात्र मुलीने परत मागून घेतली आहे आणि ती अजून तिच्या कंपासपेटीत घडी करून ठेवलेली असते.