‘कढीपत्ता पिवळा पडतोय, काय घालू?’ : एका प्रश्नाचा व्हिडिओ होताना

गॅलरीतल्या झाडांच्या चॅनेलची जुलैची नोंद. मुंबईत पावसाने जोर धरला की कमेंटमध्ये हा प्रश्न येतोच. तो जसाच्या तसा विषय म्हणून घेतला तर खतांच्या यादीचा व्हिडिओ होतो, आणि तसे व्हिडिओ आधीच भरपूर आहेत.

म्हणून आधी यूट्यूब स्टुडिओत जुन्या कमेंट शोधल्या. नुसतं ‘पिवळी’ शोधून भागत नाही, बरेच जण रोमन लिपीत लिहितात. ‘pivli’, ‘pivlya’, ‘yellow’ असं सगळं टाकून पाहावं लागतं. सापडलेली प्रत्येक कमेंट विचारणाऱ्याच्याच शब्दांत, तारीख आणि लिंकसह शीटमध्ये उतरवली. मग प्रत्येकाला उत्तरात दोनच गोष्टी विचारल्या: पिवळी पानं शेंड्याची की खालची? कुंडीखाली ताटली आहे का?

इथे प्रश्नाचे दोन भाग पडले. खालची जुनी पानं सरसकट पिवळी होत असतील तर बहुधा नत्र कमी पडतंय. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या असतील तर लोह मिळत नाहीये. पावसात अनेकदा लोह मातीत असूनही मिळत नाही, कारण ताटलीत पाणी साचतं, मुळांना हवा मिळत नाही आणि ती नीट काम करत नाहीत. अशा वेळी खत घातलं तर त्रास वाढतो. म्हणून विषय ठरला: ‘पावसात कढीपत्ता पिवळा? आधी ताटली काढा’. सुरुवातीलाच दोन फांद्या शेजारी शेजारी दाखवायच्या, मग दोन इंच खोल मातीत बोट घालून ओल तपासायची, शेवटी कुंडीची बुजलेली भोकं काडीने मोकळी करायची.

श्रेय कुठे द्यायचं यावर आमचं मत पक्कं आहे. सुरुवातीला नावांची यादी वाचू नये, बाकीच्या प्रेक्षकांना तिथे थांबायचं कारणच उरत नाही. ज्या कमेंटमुळे उत्तराची दिशा बदलली, ती त्याच ठिकाणी वाचावी. इथे ती एका ताईंची होती: ‘खत घातल्यावर जास्तच पिवळी झाली.’ हे वाक्य खताच्या मुद्द्याआधी, त्यांच्या नावासह, तीन-चार सेकंद पडद्यावर ठेवलं. बोलताना त्यांच्या चॅनेलवर दिसणारं नाव घ्यावं. आकडे जोडलेलं हँडल वाचलं की कानाला खटकतं. ते वर्णनात @ लावून लिहावं. तोच प्रश्न विचारणारे बाकीचेही तिथेच.

स्क्रीनशॉट थेट लावू नये. त्यात फोटो येतो, शेजारच्या कमेंट येतात, कधी सोसायटीचं नावही असतं. मजकूर नव्याने टाइप करावा. शुद्धलेखन सुधारलं तरी चालेल, अर्थ बदलू नये.

व्हिडिओ चढवल्यावर मूळ कमेंटखाली नेमक्या मिनिटाची लिंक द्यायची, म्हणजे विचारणाऱ्याला सूचना जाते. शीटमधली जुलैची तारीखही उपयोगी पडते: याच विषयाचा पुढचा, सविस्तर भाग मेअखेरीस, पाऊस सुरू होण्याआधी चढवायचा आहे.