उत्तर उलटं की तसंच?

समोरचा 'सलाम अलैकुम' म्हणाला की मराठी माणूस क्षणभर अडखळतो. धर्माचं काही आड येत नाही, शब्दांचा क्रम आड येतो. नमस्काराला नमस्कार, रामरामला रामराम, अशी आपल्याला मिळालं तेच परत करायची सवय. त्याच सवयीनं तोंडातून 'सलाम अलैकुम' निघून जातं आणि ते उत्तर न होता दुसरा सलाम होतो. म्हणजे आता खरं तर उत्तर देण्याची पाळी पुन्हा समोरच्यावर! बहुतेक जण हसून तेही देतात, पण नीट उत्तर देणं काही अवघड नाही.

सलामाचं उत्तर उलटं असतं: 'वअलैकुम अस्सलाम'. रोजच्या बोलण्यात त्याचं 'वालेकुम सलाम' होतं आणि ते सगळीकडे चालतं. घशातून अरबी उच्चार काढायचा खटाटोप कुणी करू नये, ऐकणाऱ्यालाच अवघडल्यासारखं होतं. जपायचं ते एकच अक्षर, 'ल'. घाईत 'सलाम'मधला ल गिळला की 'साम' उरतं आणि अरबीत 'साम' म्हणजे मरण. मुद्दाम असं म्हणणाऱ्यांचा उल्लेख हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या आणि आठवणींच्या संग्रहात आहे, त्यामुळे जाणत्याचा कान तिथे बरोबर टवकारतो. तुमची घाई त्याला कळते, पण ल म्हटलेला बरा.

कुराणाच्या चौथ्या सूरहमध्ये, ८६व्या आयतीत सांगितलंय की कुणी अभिवादन केलं तर त्याहून चांगलं परत करा, निदान तेवढं तरी करा. म्हणून जुनी माणसं उत्तर वाढवत नेतात. तुम्ही नुसतं 'अस्सलामु अलैकुम' म्हणालात तर पुढे 'व रहमतुल्लाह' जोडतात, तुम्ही तेही म्हणालात तर 'व बरकातुहू'. शांतीवर दया, दयेवर बरकत. दुसऱ्या धर्माच्या माणसाकडून एवढ्या लांबीची अपेक्षा कुणी करत नाही, पहिला तुकडा पुरतो.

आधी कुणी म्हणायचं याचाही रिवाज ठरलेला आहे: लहानानं मोठ्याला, चालत्यानं बसलेल्याला, वाहनावरच्यानं पायी चालणाऱ्याला, थोड्यांनी पुष्कळांना. दुकानात तुम्ही शिरत असाल तर पहिला सलाम तुमचा. आत पाच माणसं बसलीयत आणि उत्तर एकानंच दिलं, तर बाकीचे चौघे फुगून बसलेत असं समजू नका. घोळक्यातल्या एकानं दिलेलं उत्तर सगळ्यांच्या वतीनं धरलं जातं.

मात्र दुकानदार मागच्या बाजूला नमाज पढत असेल तर त्याला सलाम करू नये. नमाज मोडल्याशिवाय तो बोलू शकत नाही, आणि तुम्हाला मात्र वाटतं की यानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मग आणखी एक गंमत होते. नमाज संपवताना तो आधी उजवीकडे आणि मग डावीकडे मान वळवतो आणि दोन्ही वेळा 'अस्सलामु अलैकुम व रहमतुल्लाह' म्हणतो. उजव्या बाजूच्या बाकावर तुम्ही बसला असाल तर तो थेट तुमच्याकडे बघून म्हणतोय असंच वाटेल. तो नमाजाचा शेवट आहे, त्याला उत्तर द्यायचं नाही. तो चटईवरून उठला, की तुमचा सलाम करा.

पूर्ण वाक्य फक्त आपल्या धर्मबांधवांसाठी, असं मानणारेही काही मुसलमान आहेत. ते इतरांना नुसतं 'सलाम' किंवा 'आदाब' म्हणतात. आपल्या गावांकडे तर सर्रास 'रामराम' घालतात. तिथे आपण अंदाजानं 'वालेकुम सलाम' ठोकायचं कारण नाही. 'सलाम'ला 'सलाम', 'रामराम'ला 'रामराम'. आदाबला उजवा हात, तळवा आपल्याकडे करून, कपाळाजवळ न्यायचा आणि 'आदाब' म्हणायचं. डावा हात नको. तुमच्या आदाबवर एखाद्या खालाजाननी 'जीते रहो' म्हटलं तर उत्तर मिळालं, वर आशीर्वादही मिळाला. बाईमाणसांपुढे हस्तांदोलनाला हात आपण होऊन पुढे करू नये. स्वतःच्या छातीवर ठेवला तरी पोचतं.

इस्माइली खोजांचं 'या अली मदद' हेही जोडीचं आहे. त्याचं उत्तर 'मौला अली मदद'. तिथेही आहे तेच परत केलं की फसगत.

बाकी बरीचशी अभिवादनं आपल्या सवयीची आहेत. पारशी 'साहेबजी' म्हणाला तर 'साहेबजी', 'जय भीम'ला 'जय भीम'. 'जय भीम'ला तोंडभरून 'नमस्कार' म्हणणारे लोक आहेत. ते सभ्य दिसतं, पण ऐकणाऱ्याला त्यातली टाळाटाळ लगेच कळते. 'सत श्री अकाल'लाही तेच, हात जोडून, हवं तर पुढे 'जी' लावून. नांदेडला हुजूर साहिबला गेलात तर 'वाहेगुरू जी का खालसा, वाहेगुरू जी की फतेह' कानावर पडेल. अर्धं त्यानं म्हणायचं आणि अर्धं आपण, असा अनेकांचा समज असतो. रीत आहे ती पूर्ण वाक्य परत म्हणायची. अर्ध्याअर्ध्याचा खेळ जयकाऱ्यात: एक जण 'बोले सो निहाल' पुकारतो आणि सगळे मिळून 'सत श्री अकाल' म्हणतात. हा समज बहुधा तिथूनच आला असावा.

'जय जिनेंद्र'ला 'जय जिनेंद्र'. कोल्हापूर-सांगलीकडच्या मराठी जैनांत वाढलेल्याला हे सांगायला नको. समोर मुनी असतील तर मात्र हा बरोबरीचा शब्द चालत नाही. दिगंबर मुनींना 'नमोस्तु', आर्यिकांना म्हणजे दिगंबर साध्वींना 'वंदामि', श्वेतांबर साधूंना 'मत्थएण वंदामि'. मुनी उलट 'नमोस्तु' म्हणणार नाहीत, ते आशीर्वाद देतील. श्वेतांबर साधूंकडून बहुधा 'धर्मलाभ' ऐकू येईल. त्यावर हात जोडून गप्प राहिलं की झालं.

आणि दरवर्षी हमखास चुकतं ते 'मिच्छामि दुक्कडम्'. श्वेतांबरांची संवत्सरी येते भाद्रपद शुद्ध चतुर्थीला किंवा पंचमीला, म्हणजे आपल्या गणेश चतुर्थीला नाहीतर ऋषिपंचमीला. सकाळी आरतीच्या गडबडीत जैन शेजाऱ्याचा निरोप फोनवर येतो आणि आपण सणाचा निरोप समजून 'तुम्हालाही खूप खूप शुभेच्छा!' असं मोदकाच्या चित्रासकट पाठवून देतो. त्यानं शुभेच्छा दिलेल्याच नसतात. वर्षभरात कळत-नकळत दुखावलं असेल तर ते मिथ्या होवो, अशी त्यानं क्षमा मागितलेली असते. आठ दिवसांच्या पर्युषणाचा हा शेवटचा दिवस, त्या घरात कुणाचा उपवासही असेल, तेव्हा मोदक राहू द्यावा. 'अहो, तुमचं काय चुकलं?' हेही उत्तर नव्हे, कारण त्यात आपण क्षमा करायचंही टाळतो आणि मागायचंही. साधं 'मिच्छामि दुक्कडम्' परत पाठवावं. शब्द जड वाटले तर 'आमचंही काही चुकलं असेल तर क्षमा असावी' एवढं मराठीत लिहावं.

दिगंबरांचं दशलक्षण पर्व पंचमीला सुरू होतं आणि अनंत चतुर्दशीला संपतं, म्हणजे जवळजवळ आपल्या गणपतीइतकंच चालतं. त्यांची क्षमावाणी त्यानंतर, बहुधा वद्य प्रतिपदेला. तेव्हा विसर्जनाचा शीण उतरत असताना दुसऱ्या जैन मित्राचा 'उत्तम क्षमा' असा निरोप आला, तर याला उशीर झाला असं समजू नका. त्याचा दिवसच तो. उत्तरही तेच, 'उत्तम क्षमा'.