तुम्ही विचारलंत म्हणून: संभाजी महाराज गादीवर आले ते १६८० मध्ये की १६८१ मध्ये?

"सर, एका पुस्तकात १६८० आहे, दुसऱ्यात १६८१. परीक्षेत नेमकं काय लिहायचं?"

आमच्या नाशिकमध्ये स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी मुलं हे मला सतत विचारतात, आणि पांडवलेण्यांवर मंडळींना घेऊन गेलो की त्यांचे पालकही विचारतात. दोन्ही पुस्तकं बरोबर आहेत. एकानं कारभार हाती घेतल्याचा दिवस धरलाय, दुसऱ्यानं राज्याभिषेकाचा. कोणता धरलाय ते सांगितलं नाही, म्हणून घोटाळा होतो.

शिवाजी महाराजांचं निधन ३ एप्रिल १६८० ला, चैत्र पौर्णिमेला, रायगडावर झालं. संभाजीराजे तेव्हा पन्हाळ्यावर होते. रायगडावर अण्णाजी दत्तो आणि काही प्रधानांनी सोयराबाईंच्या बाजूनं धाकट्या राजारामांना त्याच महिन्यात मंचकावर बसवलं. पण सरसेनापती हंबीरराव मोहिते संभाजीराजांच्या बाजूनं उभे राहिले आणि बेत फसला. जूनमध्ये संभाजीराजे रायगडावर आले. २० जुलैला, श्रावण शुद्ध पंचमीला, त्यांचं मंचकारोहण झालं आणि १६ जानेवारी १६८१ ला, माघ शुद्ध सप्तमीला, विधिपूर्वक राज्याभिषेक.

म्हणजे एका राजाच्या सुरुवातीसाठी तीन दिवस समोर येतात: वडिलांच्या निधनाचा, मंचकारोहणाचा आणि अभिषेकाचा.

निधनाचा दिवस धरणारे म्हणतात, गादी क्षणभरही रिकामी राहत नाही. इंग्लंडमध्ये हे खरंच आहे, तिथला कायदाच तसा आहे. दुसऱ्या एलिझाबेथ राणी झाल्या ६ फेब्रुवारी १९५२ ला, वडील गेले त्याच दिवशी. मुकुट चढवला २ जून १९५३ ला. मधल्या सव्वा वर्षात त्या पूर्ण राणीच होत्या. पण हा नियम १६८० च्या रायगडाला लावता येत नाही. तिथं एप्रिलमध्ये वारसा कुणाचा यावरच झगडा होता आणि राजधानीत दुसऱ्याच्या नावानं द्वाही फिरली होती. ३ एप्रिलपासून संभाजी महाराजांची कारकीर्द मोजली, तर तो सगळा संघर्ष एका तारखेखाली गाडला जातो. मला ते पटत नाही.

मग मंचकारोहण की अभिषेक? मंचकारोहण म्हणजे राजानं मंचकावर बसून राज्य हाती घेणं. मंत्र, अभिषेक, छत्र-सिंहासन हा मोठा सोहळा नंतर मुहूर्त पाहून होतो. त्या सहा महिन्यांत संभाजी महाराज राज्य करत होते का, हे ठरवायला एक कागद पुरेसा आहे. कुडाळच्या बाकरेशास्त्र्यांना त्यांनी दिलेलं संस्कृत दानपत्र भाद्रपद शुद्ध दशमीचं, म्हणजे २४ ऑगस्ट १६८० चं आहे. अभिषेकाला अजून जवळपास पाच महिने होते. राजा म्हणून दान देणारा माणूस पाच महिन्यांनी राजा 'झाला' असं कसं म्हणायचं? म्हणून मी कारकिर्दीची सुरुवात २० जुलै १६८० धरतो. अभिषेकानं त्या सत्तेला धर्माची मान्यता मिळाली, आणि ती छोटी गोष्ट नव्हती. पण सत्ता आधीपासून चालू होती.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या वर्ष बदलताना. शालिवाहन शक चैत्रापासून चालतो. त्यामुळे शिवाजी महाराजांचं निधन, मंचकारोहण आणि राज्याभिषेक हे तिन्ही प्रसंग शके १६०२ मध्येच येतात. १६८० की १६८१ हा वाद त्या काळच्या मराठी कारकुनाला पडलाच नसता. उलट, तेव्हाचे इंग्रज आपलं वर्ष २५ मार्चला बदलत. जानेवारी १६८१ मध्ये लिहिलेल्या त्यांच्या पत्रावर १६८० असा साल दिसू शकतो. असा कागद पाहून अभिषेक १६८० च्या जानेवारीत नेला, तर शिवाजी महाराज हयात असतानाच तो झाला असं होईल. कागद इंग्रजांचा आणि महिना जानेवारी ते मार्चमधला असेल, तर साल तपासल्याशिवाय पुढं जायचं नाही.

दुसरी गल्लत राज्याभिषेक शकाची. तो शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकापासून, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, ६ जून १६७४ पासून सुरू झाला. संभाजी महाराजांनी स्वतःचा वेगळा शक काढला नाही, तोच पुढं चालवला. त्यामुळे त्यांच्या पत्रावर 'राज्याभिषेक शक ७' दिसलं, तर ते त्यांच्या राज्याचं सातवं वर्ष नव्हे. पहिलं वर्ष जून १६७४ ते जून १६७५, तसं मोजत आलं की सातवं वर्ष १६८० च्या ज्येष्ठापासून १६८१ च्या ज्येष्ठापर्यंत पडतं. मंचकारोहण आणि अभिषेक दोन्ही त्यात बसतात. निधन मात्र चैत्रातलं, ज्येष्ठाआधीचं, म्हणून ते सहाव्या वर्षात. चैत्रात बदलणारा शक आणि ज्येष्ठात बदलणारा शक एकत्र आले की एका वर्षाची चूक सहज होते.

राज्याचा आरंभ मुद्दाम वेगळ्या दिवशी धरल्याचंही उदाहरण आहे. अकबर १४ फेब्रुवारी १५५६ ला कलानौरला गादीवर बसला. पण पुढं इलाही सन काढला, तेव्हा त्याची पहिली तारीख धरली त्यानंतरच्या नौरोजची, म्हणजे मार्चची. गादीवर बसणं एका दिवशी, राज्यवर्षांची मोजणी दुसऱ्याच दिवसापासून.

तारीख निधनाच्याही आधी जाऊ शकते. १ फेब्रुवारी १६८९ ला संभाजी महाराज मोगलांच्या हाती सापडले, त्यांची हत्या झाली ११ मार्चला. पण रायगडावर राजाराम महाराजांचं मंचकारोहण फेब्रुवारीतच झालं. राज्याला धनी हवा होता. इथं एका राजाच्या मृत्यूची तारीख हीच पुढच्याची सुरुवात मानली, तर त्या आठवड्यांत रायगडावर घेतलेले निर्णय कुणाच्या नावावर घालायचे?

जुन्या काळात तर तीनपैकी एकही दिवस हाताला लागत नाही. आमच्या पांडवलेण्यातल्या तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीच्या दानाचा लेख आहे. सातवाहन राजा वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या राज्याचं एकोणिसावं वर्ष, ग्रीष्माचा दुसरा पंधरवडा, तेरावा दिवस, इतका नेमका काळ कोरलेला आहे. पण पहिलं वर्ष कधी सुरू झालं, ते लेख सांगत नाही. बाप गेल्यापासून मोजलं की अभिषेकापासून, हेही नाही. म्हणून सातवाहनांच्या सनांपुढं 'सुमारे' लिहावं लागतं, आणि कुणी तो शब्द गाळला तर मला त्या सनावर भरवसा वाटत नाही.

परीक्षेत पर्याय दिले असतील, तर प्रश्नातलं क्रियापद बघा. 'राज्याभिषेक झाला' असेल तर १६८१. 'सत्तेवर आले', 'कारभार हाती घेतला' असेल तर १६८०. स्वतः लिहायचं असेल तर दोन्ही लिहा: २० जुलै १६८० ला मंचकारोहण, १६ जानेवारी १६८१ ला राज्याभिषेक. आणि या तारखा जुन्या ज्युलियन पंचांगाच्या आहेत. आजच्या ग्रेगोरियन कॅलेंडरात नेल्या तर प्रत्येकीत दहा दिवस मिळवावे लागतात, तेव्हा एक तारीख जुनी आणि एक नवी असं मिसळू नका.